प्रमुख पाहुणे, भाषण पहिल्या रांगेसाठी करा

डिसेंबर-जानेवारी आला की शाळाशाळांमधून स्नेहसंमेलनांचे मांडव पडतात आणि वर्षभर गप्प असलेला एक वाद पुन्हा तोंड वर काढतो. दीपप्रज्वलन होतं, ईशस्तवन होतं, शाल-श्रीफळ होतं, अहवालवाचन लांबतं आणि मग प्रमुख पाहुणे माईक हातात घेऊन सांगतात, "मुलांनो, पाठ्यपुस्तकाच्या बाहेरचं वाचा." दुसऱ्या दिवशी पालकांच्या गटात चर्चा सुरू होते. एक पक्ष म्हणतो, पाहुणे अगदी बरोबर बोलले, हल्लीच्या पोरांच्या हातात मोबाईल सोडून काही नसतं. दुसरा म्हणतो, दहावीच्या तोंडावर अवांतर वाचनाचे सल्ले द्यायला पाहुण्यांचं काय जातं, ॲडमिशनच्या वेळी कटऑफ काही अवांतर वाचनावर ठरत नाही. शिक्षकांपैकी कुणीतरी हळूच म्हणतो, आधी आहे ते पुस्तक तरी धड वाचता येऊ दे. तिन्ही बाजूंचं सगळं बोलणं मुलांच्या इच्छेभोवती फिरतं. मुलांना वाचावंसं वाटतं की नाही, वाटावं की नाही, वाटायला लावायचं कसं. ज्या मुलाला उद्या सकाळी खरोखरच वाचावंसं वाटलं, त्याला त्याच शाळेत पुस्तक मिळेल का, हा प्रश्न या वादात कुणीच विचारत नाही.

माझं म्हणणं असं आहे की पाहुण्यांचा सल्ला योग्य असतो, पण तो चुकीच्या श्रोत्यांना दिला जातो. मांडवात सतरंजीवर बसलेल्या मुलांच्या हातात या बाबतीत फार थोडं असतं. वाचनाची सोय करणं किंवा न करणं ज्यांच्या हातात असतं ती माणसं पहिल्या रांगेत खुर्च्यांवर बसलेली असतात: संस्थेचे अध्यक्ष, सचिव, मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, केंद्रप्रमुख. भाषण त्यांना ऐकवायला हवं. आणि ते प्रेरणेचं नको, हिशेबाचं हवं.

हिशेब कसला, ते कपाटाजवळ जाऊन पाहू. एका तालुक्याच्या गावी संमेलनाच्या दिवशी मी रंगमंचामागच्या खोलीत उभा होतो. तिथे लोखंडी कपाटं भिंतीकडे तोंड करून लावली होती, कारण त्यांच्या पाठीवर पडदा बांधायचा होता. कपाटांच्या माथ्यावर कोळीनृत्याच्या टोपल्या आणि लेझीम. वरच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटमध्ये "वाचाल तर वाचाल". ती शाळेची ग्रंथालयाची खोली होती. पुस्तकं बरीच होती, काही शे तरी असतील, आणि त्यातली चांगली पुस्तकं इतकी कोरी होती की पानं एकमेकांना चिकटलेली. पाहुणे बाहेर वाचनावर बोलत होते. मुलं टाळ्या वाजवत होती, आणि मला वाटतं मनापासूनच वाजवत होती.

अशी कपाटं अपवाद असती तर हा लेख लिहिण्याचं कारण नव्हतं. कायद्यानं काही कमी ठेवलेलं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सर्व विषयांची पुस्तकं आणि गोष्टींची पुस्तकंसुद्धा असतील, असं स्पष्ट लिहिलं आहे. त्याच्याही आधी, १९८७ मध्ये, खडू-फळा मोहिमेतून प्राथमिक शाळांना पुस्तकं गेली होती. २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेत शासकीय शाळांच्या ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तरानुसार वर्षाला पाच हजारांपासून वीस हजार रुपयांपर्यंत तरतूद आहे. एका पुस्तकाची सरासरी किंमत साठ रुपये धरली तरी दहा हजारांत दीडशेवर पुस्तकं येतात. पाच वर्षं नीट खरेदी झाली तर लहान शाळेला पुरून उरतील एवढी. मग अडतं कुठे?

अडतं ते पुस्तक कपाटात आल्यानंतर. पुस्तक आलं की त्याची दाखल नोंदवहीत नोंद होते, त्याला क्रमांक मिळतो, शिक्का बसतो आणि ते एका शिक्षकाच्या 'चार्ज'मध्ये जातं. मोठ्या माध्यमिक शाळेत पूर्णवेळ ग्रंथपाल असतो, मध्यम पटाच्या शाळेत अर्धवेळ, आणि पट त्याहून कमी असला की ते पदच नसतं. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत तर ग्रंथपाल हा शब्द फक्त वार्षिक आराखड्यात भेटतो. तिथे ग्रंथालय म्हणजे एखाद्या गुरुजींकडे असलेलं जादा काम, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणं आणि निवडणुकीची ड्युटी यांच्या खाली दबलेलं. त्यांची बदली झाली की चार्ज देताना एकेक पुस्तक मोजून द्यावं लागतं. कमी भरलं तर खुलासा करावा लागतो, प्रसंगी पदरचे पैसे भरावे लागतात. फाटलेलं पुस्तक निर्लेखित करायचं तर त्याचे कागद वेगळे. अशा परिस्थितीत शहाणा माणूस काय करेल? कपाटाला कुलूप लावील आणि किल्ली खिशात ठेवील. कोरं पुस्तक मोजायला सोपं, आणि वाचलेलं पुस्तक म्हणजे जोखीम. त्या गुरुजींना वाचनाचं वावडं नसतं. पुस्तकं न वाटणाऱ्याला आपल्या व्यवस्थेत कोणी काही विचारत नाही आणि वाटणाऱ्याला मात्र हरवलेल्या पुस्तकाचा जाब द्यावा लागतो, एवढंच त्याचं कारण आहे.

ही भीती नवी नाही आणि आपलीच नाही. मध्ययुगीन युरोपात पुस्तकं फळीला साखळीनं बांधून ठेवत. इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये असं साखळ्यांचं ग्रंथालय आजही पाहायला मिळतं. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच आहे की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. इतकी उघड गोष्ट सूत्र म्हणून का सांगावी लागली, याचं उत्तर देताना त्यांनी या साखळ्यांचाच दाखला दिला. त्या साखळ्यांची बाजू घ्यायची तर म्हणता येईल की हस्तलिखित तयार व्हायला महिनोन् महिने लागत, ते गेलं तर दुसरं मिळणं नाही. साठ रुपयांच्या छापील पुस्तकाला कुलूप लावणाऱ्याला तेवढाही बचाव नाही.

आणि गंमत म्हणजे हिशेबाच्या बाबतीत सर्वांत कडक समजल्या जाणाऱ्या केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांनीसुद्धा ही गोष्ट मान्य केलेली आहे. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी असं म्हटलं आहे की वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं गहाळ झाली तर ते नुकसान वाजवी समजावं, फक्त त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसावा. हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मीळ पुस्तकाची चौकशी मात्र व्हावी. या नियमातला बारकावा पाहा. सूट कपाटातल्या पुस्तकांवर मोजलेली नाही, वाचायला दिलेल्या पुस्तकांवर मोजली आहे. म्हणजे जितकं जास्त वाटाल तितकं हरवण्याला जास्त क्षमा. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, आपल्या खासगी अनुदानित किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेला तो आपोआप लागू होत नाही. पण संस्थेच्या बैठकीत असा एक ठराव करायला कोणाची हरकत आहे? पहिल्या रांगेतल्या अध्यक्षांनी "हजारामागे पाच पुस्तकं हरवली तर गुरुजींना विचारणार नाही" एवढं लेखी दिलं, तर कोणत्याही भाषणापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

किल्ली फिरली म्हणजे सगळं झालं असंही नाही. दुसरी अडचण वेळेची आहे, आणि ती इतकी क्षुल्लक दिसते की तिच्याकडे कुणी पाहत नाही. समजा वेळापत्रकात आठवड्याला ग्रंथालयाची एक तासिका आहे, पस्तीस मिनिटांची. वर्गात साठ मुलं. प्रत्येकाचं जुनं पुस्तक परत घ्यायचं, देवघेवीच्या वहीत त्याची नोंद शोधायची, ती खोडायची, नवीन पुस्तकाचं नाव, लेखक, दाखल क्रमांक, तारीख लिहायची आणि सही घ्यायची. कितीही चपळाईनं केलं तरी एका मुलामागे मिनिट जातंच. साठ मुलांची साठ मिनिटं, आणि हातात पस्तीस. म्हणून निम्म्या मुलांना पुस्तक मिळतं, निम्म्यांना "पुढच्या आठवड्यात" असं सांगितलं जातं, आणि पुढच्या आठवड्यात ती तासिका पोर्शन मागे पडलेल्या गणिताच्या सरांनी मागून घेतलेली असते. चार आठवड्यांत मुलं विचारणंच सोडतात. मग आपण म्हणतो, मुलांना वाचनाची आवड नाही.

यावरचा उपाय ज्यांनी करून पाहिला आहे त्यांच्यासाठी तो अगदी साधा आहे. कपाट वर्गात आणायचं, म्हणजे चाळीस-पन्नास पुस्तकांची एक पेटी वर्गाला सत्रभर देऊन टाकायची. वहीत नाव-लेखक काही लिहायचं नाही, पुस्तकाचा क्रमांक आणि मुलाचा हजेरी क्रमांक, बस्स. ती नोंद वर्गातली दोन मुलं करतात, रोज मधल्या सुट्टीत. सत्र संपलं की पेटी शेजारच्या वर्गाला. शिक्षकाच्या डोक्यावरचा भार जवळजवळ संपतो आणि मुलांना पुस्तक हाताळून, चाळून, नको असेल तर परत ठेवून निवडता येतं. एक त्रुटी आहे, ती सांगितली पाहिजे. पेटीतली आठ-दहा पुस्तकं सतत फिरतात आणि बाकीची पडून राहतात. पण तीच तर हवी असलेली माहिती आहे. कोणती पुस्तकं फिरली हे वहीत दिसतं आणि पुढच्या खरेदीत त्या जातीची घेता येतात. आज खरेदी उलट्या दिशेनं होते. मार्चअखेर अनुदान खर्च करायचं म्हणून गठ्ठे येतात, त्यात जाड टाइपातली थोरामोठ्यांची चरित्रं जास्त आणि भुताच्या गोष्टी, कोडी, किड्यामुंग्यांची पुस्तकं कमी. निवड मोठ्यांच्या आदरानुसार होते, मुलांच्या हावेनुसार होत नाही.

आता विरोधी मुद्द्यांकडे वळतो, कारण त्यातले काही चांगलेच वजनदार आहेत.

पहिला मुद्दा भाषणाच्या बाजूनं आहे. भाषणानं बिघडतं काय? पाचशेत एखाद्या मुलाच्या मनाला एखादं वाक्य लागलं तरी संमेलनाचं चीज झालं. हे मला मान्य आहे, मोठ्या माणसाचं एक वाक्य आयुष्यभर पुरल्याची उदाहरणं आहेत. पण आपल्याकडच्या सर्वांत गाजलेल्या अशा प्रसंगात नेमकं काय घडलं होतं, ते एकदा नीट पाहायला हवं. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अखेरच्या, बुद्धावरच्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत तो सांगितला आहे. ते इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाले तेव्हा समाजातल्या मंडळींना त्यांचा जाहीर सत्कार करावासा वाटला. (चरित्रकार हा समारंभ १९०७ च्या मॅट्रिकनंतरचा सांगतात, मी इथे बाबासाहेबांचं म्हणणं धरतो.) वडिलांनी साफ नकार दिला. पोरानं एक परीक्षा तर पास केली आहे, सत्कारानं त्याच्या डोक्यात हवा जाईल, असं त्यांचं म्हणणं. मग मंडळी वडिलांचे स्नेही कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांच्याकडे गेली. केळूसकरांनी वडिलांची समजूत घातली, सभा झाली, अध्यक्ष केळूसकरच होते. भाषण संपल्यावर त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्या मुलाच्या हातात ठेवलं. मुलानं ते वाचलं, तो भारावला, आणि त्याला प्रश्न पडला की रामायण-महाभारत वाचून घेणाऱ्या वडिलांनी आपल्याला बौद्ध वाङ्मयाची ओळख का करून दिली नाही. तो प्रश्न त्यानं वडिलांना विचारायचं ठरवलं.

केळूसकर त्या सभेत काय बोलले, याचा एक शब्दही बाबासाहेबांनी त्या प्रस्तावनेत नोंदवलेला नाही. पन्नासएक वर्षांनी त्यांच्या लक्षात राहिलं ते पुस्तक. आणि तो प्रसंगही एकटा नव्हता. धनंजय कीरांच्या चरित्रात दिसतं की चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाकडे केळूसकरांचं आधीच लक्ष गेलं होतं, ते त्याला पुस्तकं देत असत, आणि पुढे कॉलेजच्या शिक्षणासाठी त्याला सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही त्यांचा हात होता. म्हणजे मुलगा माहीत, त्याची भूक माहीत, पुस्तक हातात, आणि नंतरही पाठपुरावा. आजचे पाहुणे साडेपाचच्या कार्यक्रमाला सहा वाजता येतात आणि बक्षीस वाटप अर्ध्यावर असताना निघतात, कारण पुढच्या गावी दुसरं संमेलन असतं. ज्या बक्षिसांना ते हात लावतात त्यात स्टीलचे डबे, प्लॅस्टिकच्या ट्रॉफ्या आणि कंपासपेट्या असतात. वाचा म्हणून सांगणाऱ्या व्यासपीठावर देण्यासाठी एक पुस्तक नसतं, हे कुणाला खटकत कसं नाही?

दुसरा मुद्दा गरीब पालकांचा आहे आणि तो मी सर्वांत गंभीरपणे घेतो. ते म्हणतात, अवांतर वाचन हा घरात पुस्तकांचं कपाट असलेल्यांचा खेळ आहे. आमच्या मुलाला एक संधी आहे, दहावी-बारावीचे गुण. पाठ्यपुस्तक सर्वांना सारखं मिळतं, आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळेत फुकट मिळतं, त्यात जे आहे त्यावरच परीक्षा होते. तेवढं एक समान मैदान आहे, ते कशाला मोडता? १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली त्यामागे हाच विचार होता, की कोणत्याही खेड्यातल्या मुलाच्या हाती स्वस्त आणि एकसारखं पुस्तक पडावं. ती फार मोठी गोष्ट होती आणि तिला कमी लेखणारा अवांतर वाचनाचा पुरस्कर्ता मला मनातून आवडत नाही.

पण हा युक्तिवाद शेवटपर्यंत नेला तर तो उलटा पडतो. ज्याच्या घरी कपाट आहे त्या मुलाला पाठ्यपुस्तकही मिळतं आणि कपाटही. ज्याच्या घरी नाही त्याला फक्त पाठ्यपुस्तक. मग मैदान समान कुठे राहिलं? शाळेनं कपाट उघडलं तरच ते समान होण्याची काही शक्यता आहे. आणि परीक्षा फक्त पाठ्यपुस्तकावर होते, हेही खरं नाही. दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत अपठित गद्यावर चार गुणांचा प्रश्न असतो, म्हणजे मुलानं कधीही न पाहिलेला उतारा. पत्रं, बातमी, कथालेखन असे स्वतःच्या शब्दांत लिहायचे प्रश्न आणखी वेगळे. आपण त्याचीही तयारी गाईडमधून करून घेतो. न वाचलेलं वाचता यावं म्हणून जो प्रश्न ठेवला, त्याची उत्तरं छापून विकली जातात आणि तीच पालक पोटाला चिमटा काढून विकत घेतात. त्या गाईडच्या किमतीत पाच-सहा गोष्टींची पुस्तकं आली असती, आणि अपठित उताऱ्याची भीती बहुधा त्यांनीच जास्त घालवली असती.

इथे उत्साही सुधारकांनाही एक सांगायला हवं. काही जण म्हणतात, मग अवांतर वाचनाला गुण द्या. कृपा करून नको. मराठीच्या पाठ्यपुस्तकात स्थूलवाचनाचे पाठ याच हेतूनं घातले होते, की मुलानं ते ओझं न वाटता भरभर वाचावेत. त्यावर गुण ठेवले आणि लगेच त्यांची उत्तरं फळ्यावर आली. पुस्तक परीक्षणाच्या प्रकल्पांचंही तेच होतं, एकाच इंटरनेटवरच्या मजकुराच्या चाळीस प्रती.

तिसरा मुद्दा शिक्षकांचा, की मुलांना मुळात वाचताच येत नाही. हे दुर्दैवानं खरं आहे. 'प्रथम' संस्थेच्या असर सर्वेक्षणांत वर्षानुवर्षं दिसतं की ग्रामीण भारतात पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता येत नाही. अशा मुलापुढे अवांतर वाचनाचं भाषण करणं म्हणजे थट्टा आहे. पण त्या मुलाच्या बाजूनं विचार करा. तो पाचवीत आहे, वाचतो दुसरीच्या पातळीवर. त्याच्या दप्तरातली सगळी पुस्तकं पाचवीची आहेत. म्हणजे त्याला झेपेल असं एकही पान त्याच्याजवळ नाही. पुढच्या वर्षी सहावीची पुस्तकं येतील, आणखी अवघड. पाठ्यपुस्तक इयत्तेप्रमाणे पुढे जातं, मुलासाठी थांबत नाही. त्याला गरज आहे ती मोठी चित्रं, पानावर दोन ओळी, अशा पंचवीस-तीस पुस्तकांची, जी त्यानं कुणी हसेल या भीतीशिवाय, पुन्हा पुन्हा वाचावीत. अशी पुस्तकं आता मराठीत दुर्मीळ नाहीत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर ती वाचनपातळीनुसार लावून ठेवलेली आहेत, फुकट आहेत, छापून घ्यायला मोकळीक आहे. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय. ज्याला वाचता येत नाही त्याला अवांतर पुस्तक इतरांच्या आधी द्यायला हवं. आपल्याकडे नेमकं उलट होतं, पुस्तक मिळतं ते हुशार मुलाला बक्षीस म्हणून.

आणि मोबाईल? मोबाईल वेळ खातो, लक्ष फोडतो, यात वाद नाही. मी स्वतः हल्ली पुस्तक घेऊन बसलो तर दहाव्या पानाला हात फोनकडे जातो. पण सगळं खापर त्याच्यावर फोडणाऱ्यांनी बडोद्याचा इतिहास चाळावा. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात नेलं. मुलं शाळेत आली, अक्षरं शिकली. आणि मग लक्षात आलं की शाळा सुटल्यावर हाताशी वाचायला काही नसेल तर शिकलेलं विसरतं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची, एकही पडदा नसलेल्या जगातली ही तक्रार आहे. त्यावर महाराजांनी गावोगाव वाचनाच्या महतीवर व्याख्यानं ठेवली असती तर स्वस्तात काम झालं असतं. त्यांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावलं, राजवाड्यातला स्वतःचा संग्रह सार्वजनिक ग्रंथालयाला दिला, गावाला वाचनालय काढायचं असेल तर गाव उभी करेल तेवढीच भर प्रांत पंचायतीनं आणि सरकारनं घालावी अशी पद्धत बसवली, आणि जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत्या ठेवल्या. मघाशी सांगितलेली वर्गातली पेटी म्हणजे त्याचंच लहान रूप आहे. बडोद्यात लोकांना वाचायची इच्छा आहे का, याचं सर्वेक्षण आधी कुणी केलं नाही. पेट्या आधी गेल्या.

आपल्याकडे २०१५ पासून १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो, अब्दुल कलामांच्या जयंतीनिमित्त. त्या दिवशी कपाटं उघडतात, मुलं ओळीत बसून पुस्तक उघडं धरतात, फोटो काढून वर पाठवले जातात आणि पुस्तकं मोजून परत कपाटात जातात. हा दिवस बंद करा असं मी म्हणणार नाही, एक दिवस तरी कपाट उघडतं. पण प्रेरणा घेतलेल्या मुलाला १६ ऑक्टोबरला पुस्तक हवं असेल तर त्यानं कोणाकडे जायचं?

शेवटचा आक्षेप शिष्टाचाराचा आहे. मांडवात पाहुण्यानं यजमानाच्या कपाटाची चौकशी करणं बरं दिसतं का? चारचौघांत विचारलं तर नाही दिसणार. पण निमंत्रण द्यायला मुख्याध्यापक पंधरा दिवस आधी येतात, सूत्रसंचालनासाठी पाहुण्यांचा परिचय लेखी मागतात. त्याच वेळी पाहुण्यांनी म्हणावं, "सर, परिचय देतो, मला तेवढी या वर्षीची देवघेवीची वही पाठवा, भाषणाला उपयोग होईल." वही भरलेली असली तर भाषणाला सोन्यासारखा मजकूर मिळाला. आठवीतली मुलं सर्वांत जास्त कोणतं पुस्तक नेतात, कोणत्या पुस्तकाची पानं सुटली, पाचवीतल्या कोणत्या वर्गानं पेटी दोनदा वाचून संपवली, हे नावानिशी सांगता येतं, आणि ज्यांचं नाव येतं ती मुलं ते भाषण विसरत नाहीत. वही कोरी निघाली, किंवा "शोधून पाठवतो" असं उत्तर आलं, तर पाहुण्यांनी मानधन आणि शाल नको म्हणावं, त्या पैशांची पन्नास पुस्तकांची पेटी पाचवीच्या वर्गाला द्यायला सांगावं, आणि मार्चमध्ये त्या पेटीची वही पाहायला पुन्हा येईन असं पहिल्या रांगेकडे बघून जाहीर करावं. पुढच्या गावचं संमेलन त्या दिवशी अर्धा तास थांबलं तरी चालेल.